चार रकान्यांचा कारभारी

अंगानं एका पानाचा, थाटमाट काही नाही. चार रकाने: कधीपासून, कधीपर्यंत, दिवसाला किती तास, आणि कोणतं काम. खाली डॉक्टरांची सही, त्याखाली मालकाची, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप त्या आजारी माणसाची. जर्मनीत याचं कायद्यातलं नाव तोंडात मावत नाही, म्हणून कारखान्यात सगळे त्याला ‘हॅम्बुर्ग मॉडेल’ म्हणतात आणि प्रत्यक्ष कागदाला श्टूफनप्लान. दीर्घ आजारानंतर कामावर परतणाऱ्याला तो आठवड्या-आठवड्यानं तास वाढवत पूर्ण दिवसापर्यंत नेतो. स्टुटगार्टजवळच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, तिथल्या कामगारांनी निवडून दिलेल्या मंडळावर मी आहे, त्यामुळे या गृहस्थाशी माझी नेहमी गाठ पडते.

पुण्याकडून आलेल्या माणसाला हा प्रकार आधी पटतच नाही. आपल्याकडे डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट साहेबाच्या टेबलावर ठेवलं की त्याच सकाळपासून माणूस पुरा बरा. काल बिछान्यात, आज आठ तास. इथं पद्धत आजीच्या पथ्यासारखी: आधी पेज, मग मऊ भात, भाकरी शेवटी.

याच्या स्वभावातली पहिली विचित्र गोष्ट अशी की तो ज्याला कामावर आणतो त्याला आजारीच धरतो. दोन तास काम करा, सहा तास करा, शेवटची पायरी संपेपर्यंत कायद्याच्या लेखी तुम्ही कामाला असमर्थ. त्यामुळे मालक सहसा पगार देत नाही. आजारपणाचे पहिले सहा आठवडे मालकाचा पूर्ण पगार असतो, त्यानंतर आरोग्य विमासंस्था आजारभत्ता देते: ढोबळ पगाराच्या 70 टक्के, पण हातात येणाऱ्या पगाराच्या 90 टक्क्यांहून जास्त नाही. श्टूफनप्लान चालू असताना हाच भत्ता चालू राहतो. दोन तासांच्या आठवड्यात जेवढा, सहा तासांच्या आठवड्यातही तेवढाच. ‘तास वाढले, पैसे का नाही वाढले’ हा प्रश्न मला दरवेळी ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे, पण याच बिनपगारीपणात माणसाचं संरक्षण आहे. पगार नाही म्हणून कामाची सक्ती नाही. साहेब हुकूम सोडू शकत नाही. तासाभरात पाठ भरून आली तर उठून घरी जायचं, कोणी पैसे कापणार नाही, कारण कापायला काही नाहीच.

मात्र हा उदार नाही. एका आजारासाठी तीन वर्षांत 78 आठवडे अशी भत्त्याची मर्यादा आहे, आणि पायऱ्या चढतानाचे आठवडेही त्याच हिशोबातून जातात. सलग सात दिवसांहून जास्त खंड पडला तर योजना फसली असं धरलं जातं. रजाही मिळत नाही. जो कायद्यानं कामावरच नाही, तो रजा कशाची घेणार?

हे सगळं त्याचं बाहेरचं रूप. खरा ओळखला तो मी एका प्रकरणात.

आमच्या तपासणी विभागात एक बाई आहेत, बेळगावकडच्या. वाहनांच्या ज्या सुट्या भागांबद्दल ग्राहकांच्या तक्रारी येतात, ते खोक्यांतून यांच्या टेबलावर येतात. उघडायचे, मोजायचे, अहवाल लिहायचा, मग ग्राहकाशी फोनवर वाद घालायचा. कमरेच्या मणक्यातली चकती सरकली, डाव्या पायाची बधिरता वाढत गेली, शस्त्रक्रिया झाली. चार महिन्यांनी डॉक्टरांनी कागद भरून दिला. दोन आठवडे रोज दोन तास, पुढचे दोन आठवडे चार तास, मग दोन आठवडे सहा, आणि त्यानंतर पूर्ण आठ. तिसरा रकाना असा सुबक. चौथ्यात एकच शब्द: ‘नेहमीचं’.

मी तेव्हाच म्हटलं, “ताई, हा चौथा रकाना पुन्हा भरून आणा.”

“अहो दादा, आधीच दोन तासांवर आणून ठेवलंय मला. आणखी काय कमी करायचं?”

कागद वाचताना सगळ्यांचे डोळे तिसऱ्या रकान्यावर जातात. कर्मचारी विभाग तास बघतो, साहेब तास बघतो, आणि घरी नवराही ‘आज किती तास?’ हेच विचारतो. तास मोजता येतात म्हणून त्यांचा एवढा मान. पण हा कारभारी माणसाला सांभाळतो की बुडवतो, हे चौथा रकाना ठरवतो. तासांचं कुंपण घड्याळ राखतं, कामाचं कुंपण तिथं लिहिलेलं नसेल तर कोणीच राखत नाही.

पहिले दोन आठवडे छान गेले. दोन तासांत कोणी काही मागत नाही; लोक येतात, विचारपूस करतात, कॉफी पाजतात. अडचण अशी की या दोन तासांसाठी ताई चाळीस मिनिटं गाडीनं येत आणि चाळीस मिनिटं परत जात. मणक्याच्या रुग्णाला फार वेळ बसणंच वर्ज्य, आणि दिवसातलं सर्वांत लांब बसणं झालं ते कामावर नव्हे, वाटेत. कागदाला वाट दिसत नाही. तिकिटाचे पैसेही ज्याचे त्यानेच भरायचे.

चार तासांची पायरी लागली आणि विभागाला वाटलं, बाई परतल्या. सकाळी आठ ते बारा ही त्यांची वेळ. विभागाची बैठक अकराला सुरू होऊन साडेबाराला संपणारी. मधून उठायचं कसं? मग साचलेल्या तक्रारी. चार महिने ज्या सहकाऱ्यानं त्या सांभाळल्या होत्या, त्यानं सुटकेचा निःश्वास टाकून गठ्ठा परत केला. तास निम्मे झाले होते, काम मात्र पुरं. राहिलेले अहवाल ताई दुपारी घरी पलंगावर मांडी घालून लिहू लागल्या. कागदावर चार तास, कमरेच्या खात्यात सहा-सात.

गडबड चालली आहे हे कामाच्या जागी कळत नाही. तिथं माणूस हसतमुख असतो. चार महिने घरी बसल्याची टोचणी असते, आपण उपयोगी आहोत हे दाखवायचं असतं. मला संशय आला तो त्यांच्या एका मेलवरून. पाठवल्याची वेळ रात्री नऊनंतरची होती. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी कामाबद्दल काही विचारलंच नाही. संध्याकाळी जेवण तुम्ही करता की दुसरं कोणी? रात्री पाय बधिर होतो? सकाळी उठता तेव्हा कालचा थकवा गेलेला असतो का? शनिवारी काय करता? ताईंनी खरं सांगितलं: सगळा शनिवार झोपून जातो, आणि बधिरता गुडघ्याखाली परत आली आहे. पायरी झेपते की नाही हे त्या पायरीवरच्या तासांत दिसत नाही, तासांनंतरच्या वेळात दिसतं. रात्रीच्या झोपेनं कालचा दिवस पुसला गेला पाहिजे. तो साचत गेला, तर पुढची पायरी चढायची नाही.

इथं या कागदाचा एक चांगला गुण कामी आला: तो हट्टी नाही. डॉक्टर आणि मालक तयार असतील तर मधेच बदलता येतो. एरवी मालकाला पहिल्यांदाच नकार देता येतो, आणि गंभीर अपंगत्वाची नोंद असलेले कामगार सोडले तर त्याला कारणही सांगावं लागत नाही. आमच्या साहेबांनी कुरकुर केली, पण सही केली. नव्या कागदावर चार तासांची पायरी आणखी दोन आठवडे लांबली आणि चौथ्या रकान्यात या वेळी मजकूर आला. खोकी दुसरा कोणीतरी उचलून टेबलावर ठेवेल. दर अर्ध्या तासानं उभं राहून काम करायला मिळेल, त्यासाठी वर-खाली होणारं टेबल. ग्राहकांचे फोन नाहीत. जुन्या तक्रारी नाहीत, फक्त या आठवड्यात आलेल्या. घरून काम नाही. ही शेवटची ओळ माझ्या आग्रहाची. ताईंना ती अपमानासारखी वाटली आणि आठवडाभर त्या माझ्याशी तुटकच बोलत होत्या.

मधल्या काळात बेळगावात भावाच्या घराची वास्तुशांत होती. दहा दिवसांचा खंड पडला तर सगळं मुळापासून, शिवाय आजारभत्ता घेत असताना परदेशी जायला विमासंस्थेची परवानगी. त्या गेल्या नाहीत. मोबाइलवर होम बघितला, तोही म्हणे उभ्या टेबलाशी.

सहा तासांची पायरी अलगद पार पडली. पण सहावरून आठवर जाणं हे तिसऱ्या रकान्यातलं सगळ्यात फसवं वाक्य. दिसायला आधीच्यासारखेच दोन तास. जर्मन कायद्यानं सहा तासांहून जास्त काम असेल तर अर्ध्या तासाची सुट्टी सक्तीची, आणि ती कामात धरत नाहीत. म्हणजे सहा तासांवाला सहा तासांत सुटतो आणि आठ तासांवाला साडेआठ तास आवारात अडकतो. त्यात ताईंची ऐंशी मिनिटांची ये-जा. त्यातून हीच पायरी अशी की ती चढताच कागद संपतो, आजारभत्ता थांबतो, पगार सुरू होतो, आणि साहेबाचा हुकूमही परत लागू होतो. सर्वांत उंच पायरीच्या वेळी कठडा काढून घेतल्यासारखं हे. यात कायद्याची चूक आहे असं माझं मत आहे आणि ते मी बैठकीत प्रत्येक वेळी मांडतो.

त्यावर जुन्या मंडळींकडे एक तोड आहे. आजारपणातही वार्षिक रजा साचत राहते आणि ज्या वर्षाची रजा ते वर्ष संपल्यावर पंधरा महिन्यांपर्यंत ती शिल्लक राहते. ताईंच्या खात्यात भरपूर होती. त्यांनी ती एकदम घेऊन बेळगाव गाठायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, निम्मी बेळगावला ठेवा, निम्मी बुधवारांना द्या. त्याप्रमाणे दोन महिने त्या दर बुधवारी घरी होत्या. साहेब मला येऊन म्हणाले, पूर्ण बरी झालेली बाई आठवड्यात चारच दिवस कशी काय येते? मी त्यांना रजेचा तक्ता दाखवला.