बाईंनी वाचलेली तीन पानं

गंगाखेडच्या आमच्या शाळेतल्या एका निवृत्त बाईंचं माझ्यावर ऋण आहे. माझा नवरा तेव्हा चाकणला कामाला होता. फोन दोन-दोन मिनिटांवर आले होते, दिवाळीलाही तो आला नाही. ओळखीच्या एका मुलीनं टॅरोची तीन पानं काढून सांगितलं, "तो दूर चाललाय." त्या पानांचा फोटो घेऊन मी बाईंकडे गेले. बाई हौसेनं टॅरो वाचायच्या. म्हटलं, "बाई, संपलं का हो सगळं?"

फोटो न बघताच त्यांनी विचारलं, "हात उगारतो का? धमकावतो? घरी पैसे पाठवायचं बंद केलंय?" मी तिन्हींना नाही म्हटलं. "हो म्हणाली असतीस, तर पानं बाजूला ठेवून आधी तुझ्या भावाला बोलावलं असतं."

मग त्यांनी फोटो हातात घेतला. हर्मिट, फोर ऑफ स्वोर्ड्स आणि एट ऑफ कप्स. पामेला कोलमन स्मिथनं 1909 च्या संचासाठी काढलेली चित्रं बाईंना पाठ होती. हर्मिट एकटा उभा आहे, पण हातात कंदील आहे. फोर ऑफ स्वोर्ड्समधला थडग्यावर निजलेला योद्धा बघून लोक घाबरतात, वाचणारे मात्र त्याला विश्रांतीचं पान म्हणतात. एट ऑफ कप्सबद्दल बाईंनी काही लपवलं नाही. रचून ठेवलेले पेले मागे टाकून एक माणूस काठी टेकत निघून जातो. "हे सोडून जाण्याचंच पान आहे, पोरी. पण सोडून कोण जातंय? त्या मुलीनं पिसण्याआधी जागा ठरवल्या होत्या का? पहिलं पान तुझं, दुसरं त्याचं, असं काही?"

ठरवल्या नव्हत्या. मग ते पान त्याचं असेल, माझं असेल, किंवा नुसती माझी भीती असेल. शिवाय पानं पिसताना तो तिथं नव्हताच. त्याच्या मनातलं पानं सांगणार कुठून?

मी म्हटलं, तुम्ही नव्यानं काढा. त्यांनी साफ नकार दिला. त्याच प्रश्नावर पुन्हा पुन्हा पानं काढणारा माणूस मनासारखं पान आलं की थांबतो, आणि त्यालाच उत्तर समजतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. "त्यालाच विचार. प्रेम आहे का, असं नको विचारू. कामावर काय झालंय, ते विचार."

त्या रात्री विचारलं. बराच वेळ तो बोललाच नाही. मग म्हणाला, कंत्राट संपलंय, दुसरीकडे कमी पगारावर रात्रपाळी करतोय, उधारी काढून पैसे पाठवतोय. घरी सांगायची लाज वाटत होती. आमची भांडणं त्यानंतरही झाली, पैशांवरून तर फारच, पण ती समोरासमोर झाली.

बाईंनी माझ्याकडून काही घेतलं नाही. आता गावातल्या मुली असे फोटो घेऊन माझ्याकडे येतात. बाईंनी विचारलेले ते तीन प्रश्न मी आधी विचारते, पानं नंतर बघते.