दीड हजारांत पाऊल सरळ होत नाही

पाऊल आत वळलेलं घेऊन, म्हणजे ज्याला डॉक्टर क्लबफूट म्हणतात ते घेऊन जन्मलेलं मूल उपचार झाले नाहीत तरी चालतं. पावलाच्या बाहेरच्या कडेवर, कधी तर पावलाच्या वरच्या बाजूवर भार टाकून चालतं. तिथे घट्टे पडतात, कातडी फाटते, चप्पल बसत नाही, लांबचा पल्ला झेपत नाही. पण ते चालतं. मला हे ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नसताना मी एका संस्थेच्या देणगीच्या आवाहनपत्रात लिहिलं होतं की, आपली मदत मिळाली नाही तर ही चिमुरडी आयुष्यात कधीच आपल्या पायावर चालू शकणार नाही.

पत्र मूळचं इंग्रजी होतं आणि मी त्याचा मराठी अनुवाद करत होते. ही संस्था अशा बाळांवर मोफत उपचार करते. तोवर त्यांची पत्रं मुंबई-पुण्यातल्या कंपन्यांना आणि परदेशातल्या देणगीदारांना इंग्रजीतून जात. त्या वर्षी प्रथमच त्यांना जिल्ह्यातल्या लोकांपर्यंत पोचायचं होतं: निवृत्त शिक्षक, दुकानदार, पतसंस्था, गणेश मंडळं. इंग्रजी पत्र साधं होतं. एका मुलीची गोष्ट, उपचारांची माहिती, खर्च आणि विनंती. त्यात एवढंच म्हटलं होतं की, उपचारांनंतर ती इतर मुलांसारखे बूट घालून, न दुखता चालू शकेल. मला ते वाक्य फिकं वाटलं. मराठी वाचकाला हलवायचं तर आवाज चढवावा लागतो, अशी माझी समजूत होती. मग ‘निष्पाप’, ‘असहाय’, ‘काळीज पिळवटून टाकणारं’, ‘नशिबी आलेलं पांगळेपण’ असे शब्द हाताशी तयार होतेच. पत्रातली मुलगी त्या वेळी अकरा महिन्यांची होती. त्या वयाची पुष्कळ बाळं अजून चालत नसतात, हेसुद्धा मला लिहिताना सुचलं नाही.

संस्थेच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मसुदा वाचला आणि मला दवाखान्याच्या दिवशी येऊन बसायला सांगितलं. तिथे मला उपचार म्हणजे काय ते समजलं. पद्धत इग्नासिओ पोन्सेती या डॉक्टरांची आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात त्यांनी ती विसाव्या शतकाच्या मध्यावर विकसित केली. बाळाचं पाऊल हाताने हळूहळू थोडं बाहेर वळवायचं आणि त्या स्थितीत मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. आठवड्याने ते काढायचं, आणखी थोडं वळवायचं, पुन्हा प्लास्टर. अशी साधारण पाच-सात प्लास्टरं होतात. मग बहुतेक बाळांच्या टाचेमागची ताठ शीर एका छोट्या छेदाने मोकळी करावी लागते आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. पाऊल सरळ दिसू लागतं ते इथे, दोन-तीन महिन्यांत.

आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं. दोन बूट एका आडव्या पट्टीला जोडलेले असतात. ते बाळाने पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास घालायचे आणि नंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रोज रात्री झोपताना. बूट सुटले की पाऊल पुन्हा आत वळू लागतं. उपचार फसतात ते बहुतेक करून इथेच. बाळ रडतं, पाय तर सरळ दिसत असतो, शेजारीण म्हणते कशाला लेकराला छळतेस, आणि बूट माळ्यावर जातात.

हे कळल्यावर माझी दुसरी चूक माझी मलाच दिसली. इंग्रजीत लिहिलं होतं की, दीड हजार रुपयांची देणगी उपचारांच्या खर्चाला हातभार लावते. मी लिहिलं होतं: ‘आपले अवघे दीड हजार रुपये एका बाळाचं वाकडं पाऊल सरळ करतील.’ ‘हातभार’ मी मुद्दाम काढला होता, कारण त्याने वाक्य लुळं पडतं असं मला वाटलं. पण तोच शब्द खरा होता. त्या रकमेत पाऊल सरळ होत नाही. ते प्लास्टर, भूल, वाढत्या पायाला दर काही महिन्यांनी लागणारे मोठे बूट आणि आई-बापाच्या एसटीच्या तिकिटांचे पैसे या साऱ्यांनी मिळून होतं, आणि त्या वर्षानुवर्षांच्या रात्रींनी होतं. ज्याने दीड हजार पाठवले त्याने पुढे कधी दवाखान्यात येऊन विचारलं असतं की, माझ्या पैशांतून बरं झालेलं बाळ कोणतं, तर संस्थेकडे दाखवायला बाळ नव्हतं.

‘अवघे’ हा शब्दही मीच घातला होता. ज्याच्या घरात पेन्शनवर महिना निघतो त्याला ‘अवघे’ म्हणणं म्हणजे त्याच्या पैशांची किंमत आपण ठरवणं झालं.

विनंतीच्या परिच्छेदात माझ्या हातून याहून वाईट झालं. इंग्रजीत शेवटी प्रश्न होता: तुम्ही मदत कराल का? मी त्याचं केलं: ‘या लेकराकडे आपण पाठ फिरवणार का?’ एक तर आपल्या ‘आपण’ने घोटाळा केला. पत्रात कुठे ‘आपण’ म्हणजे आदरार्थी तुम्ही होतं, कुठे ‘आपण सारे’ होतं, आणि वाचणाऱ्याला संस्था स्वतःला धरून बोलते आहे की समोरच्याला ऐकवते आहे ते कळेना. पण त्याहून मोठा दोष प्रश्नाच्या आकारात होता. मूळ प्रश्नाला ‘नाही’ हे सभ्य उत्तर होतं. माझ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा माणूस निर्दय ठरत होता. जाहिरातींच्या मानकांसाठी काम करणाऱ्या एएससीआय या संस्थेच्या धर्मादाय आवाहनांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे: मदत न करणाऱ्याला लाज वाटावी असं सुचवू नये. ते मी नंतर वाचलं. पण त्यासाठी नियमाची गरज नव्हती. आपल्याकडे वर्गणी मागायला येणारेसुद्धा ‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हणतात, ‘यथाशक्ती’ म्हणतात. या भाषेला मागताना समोरच्याची अडचण झाकण्याची सवय आहे. ती मी वापरली नव्हती.

मग पत्र त्या मुलीच्या आईला वाचून दाखवलं. संस्थेची ही रीत होती आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. इंग्रजी पत्राच्या वेळी तिला तोंडी सारांश सांगून संमती घेतली होती. मराठी पत्र ती स्वतः वाचू शकत होती. इतकंच नाही, तिच्या गावातला पोस्टमन, पतसंस्थेचा मॅनेजर, तिची सासू, सगळेच वाचू शकत होते. नाव बदललं होतं, पण तालुका आणि बाळाचं वय पाहून गावाला ओळखायला वेळ लागला नसता.

तिने ‘असहाय माता’ या शब्दांवर बोट ठेवलं. म्हणाली, “ताई, मी दर बुधवारी पहाटेच्या गाडीनं बाळाला घेऊन आले. एक बी प्लास्टर चुकवलं नाही. असहाय कुठनं?” दुसरं तिला खटकलं ते ग्रहणाचं. तिच्या घरात म्हणत होते की, दिवस गेले असताना तिने ग्रहणात भाजी चिरली म्हणून पोरीचा पाय वळला. मी हा प्रसंग पत्रात घातला होता, कारण तो परिणामकारक होता, आणि मी तो खोडून काढला नव्हता. ‘गावाला वाटतं’ एवढ्यावर सोडून दिला होता. म्हणजे संस्थेच्या छापील कागदावर तिच्यावरचा आरोप तसाच उभा राहिला असता. बहुतेक बाळांमध्ये पाऊल असं का वळतं याचं नेमकं कारण सापडत नाही, आणि ग्रहणाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. हे लिहायचं नसेल तर तो प्रसंग लिहायचा मला हक्क नव्हता.

पत्र पुन्हा लिहिताना मी विशेषणं आधी काढली नाहीत. आधी ती आई काय करते ते लिहिलं, आणि विशेषणांना जागाच उरली नाही. नवा परिच्छेद असा झाला:

‘तिच्या दोन्ही पायांचं प्लास्टर निघालं तेव्हा पावलं सरळ होती. पण ती तशी राहायची तर पाच वर्षांची होईपर्यंत तिला रोज रात्री पट्टीचे बूट घालून झोपावं लागेल. पहिल्या रात्री ती पहाटेपर्यंत रडली. आईने बूट काढले नाहीत. पट्टी हातात धरून ती दोन्ही पाय एकदम कसे हलवायचे ते तिला शिकवत बसली. पाय वाढला की बूट बदलावे लागतात. ते बूट आणि दवाखान्यापर्यंतचा प्रवास यांचा खर्च संस्था करते. दीड हजार रुपयांचा त्याला हातभार लागतो. कमी पाठवलेत तरी ते याच कामी येतील. या वर्षी जमणार नसेल तर हे पत्र ओळखीच्या कुणाला वाचायला द्या.’

यातलं प्रत्येक वाक्य दवाखान्यात विचारून खरं-खोटं करता येतं. माझ्या पहिल्या मसुद्यातलं ‘काळीज पिळवटून टाकणारं’ कुणाला विचारून पडताळणार? मराठी वाचक अशा साध्या हकिकतीवर पैसे देतो हे मला आधीच कळायला हवं होतं. ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम २०११ पासून चालतो. गणेशोत्सवात दरवर्षी काही संस्थांचं काम वाचकांपुढे मांडलं जातं आणि वाचक धनादेश पाठवतात. ते लेख मी वर्षानुवर्षं वाचत आले होते. त्यात कामाचं सविस्तर वर्णन असतं. तरी स्वतः लिहायला बसल्यावर मला ते आठवलं नाही.

एक चूक अगदी छापायच्या आधी सापडली, तीही संस्थेच्या हिशेबनिसांना. मी तळाशी लिहिलं होतं, ‘आपली देणगी करमुक्त आहे.’ संस्थेकडे ८०जी होतं, म्हणून मला ते बरोबरच वाटलं. पण त्या कलमाखाली अशा देणगीची निम्मी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. पाच हजार दिले तर अडीच हजार वजा होतात, आणि वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा कर पाचशेच्या आसपास वाचतो. दोन हजारांच्या वर रोख दिले तर काहीच नाही. मार्चअखेर घाईने रोख पैसे आणून देणारा एखादा निवृत्त शिक्षक माझ्या चार शब्दांवर विसंबला असता. आम्ही ते वाक्य सविस्तर केलं आणि रोख रकमेची मर्यादा पावतीच्या कागदावरही छापली.

शेवटची दुरुस्ती आईने सुचवली. पत्र दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिने विचारलं, यात दवाखान्याचा वार का नाही? इंग्रजी पत्रात तो नव्हता, कारण ते वाचणाऱ्यांच्या घरी असं बाळ असण्याची शक्यता कुणी धरली नव्हती. मराठी पत्र मात्र अशा घरांत जाणार होतं जिथे शेजारच्या बाळाचं पाऊल वळलेलं असू शकतं आणि त्यावर उपचार असतात हेच कुणाला माहीत नसतं. हे उपचार जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत सुरू झाले तर सर्वांत सोपे जातात. पानावर जागा नव्हती. विश्वस्तांशी थोडी वादावादी झाली. अखेर बँकेच्या खात्याचा तपशील सोबतच्या चिठ्ठीवर हलवला, आणि पत्राच्या तळाशी ठळक अक्षरांत आलं: ‘पाऊल वळलेलं बाळ तुमच्या पाहण्यात असेल, तर दर बुधवारी सकाळी घेऊन या. केसपेपरचे पैसे पडत नाहीत.’