वजाबाकीत उरणारा दर

२०२५ सालच्या ऑगस्टमध्ये एक शिक्षिका गृहकर्जाचे कागद घेऊन माझ्याकडे आल्या. बँकेच्या कर्ज विभागात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे ओळखीतली माणसं असे कागद दाखवायला येतात. बाईंचा प्रश्न मात्र नेहमीचा नव्हता. ‘‘साहेब, फेब्रुवारीपासून रेपो एक टक्क्यानं उतरला, माझा दरही एक टक्क्यानं उतरला. म्हणजे बँकेनं मला काही फसवलेलं नाही. मग आमच्या शाळेतल्या नव्या सरांना त्याच बँकेत माझ्यापेक्षा पाऊण टक्क्याहूनही जास्त फरकानं कमी दर कसा काय?’’

उत्तर त्यांच्या सँक्शन लेटरवरच छापलेलं होतं. ऑक्टोबर २०१९पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या मानकाला जोडावी लागतात आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर घेतला. कर्जाचा दर म्हणजे रेपो अधिक स्प्रेड. बाईंनी कर्ज घेतलं नोव्हेंबर २०१९मध्ये. तेव्हा रेपो ५.१५ होता, स्प्रेड २.९०, दर ८.०५ टक्के. पुढे रेपो ४ टक्क्यांपर्यंत उतरला, ६.५०पर्यंत चढला, जून २०२५मध्ये ५.५०वर आला. या सगळ्या चढउतारात बाईंचा दर रेपोमागून चालत राहिला आणि आता ८.४० झाला होता. सरांचा दर होता ७.६०. दोन्हींतून ५.५० वजा करा. बाईंकडे २.९० उरतात, सरांकडे २.१०. मधल्या काळात गृहकर्जासाठी बँकांची चढाओढ वाढली आणि नव्या ग्राहकांसाठी स्प्रेड खाली आला. बाईंचा स्प्रेड मात्र करारात लिहिला होता तिथंच राहिला.

रेपो बदलला की तो सगळ्यांसाठी बदलतो. आज उतरलेला उद्या चढतो. स्प्रेडचा फरक तसा नसतो. रेपो पुन्हा ६.५०वर गेला तर सर ८.६० भरतील आणि बाई ९.४०. रेपो ४वर आला तर ६.१० आणि ६.९०. स्प्रेड बदलून घेतला नाही तर मधलं ०.८०चं अंतर कर्ज संपेपर्यंत हलणार नाही. म्हणूनच कर्ज घेताना आजचा दर किती यापेक्षा स्प्रेड किती, हे आधी विचारावं असं मी प्रत्येकाला सांगतो.

आता रेपो जागच्या जागी ठेवून फक्त स्प्रेड २.९०वरून २.१०वर आणला तर काय होतं ते पाहू. हिशेब सोपा जावा म्हणून बाईंचं शिल्लक मुद्दल ३० लाख आणि उरलेली मुदत १५ वर्षं धरू. ८.४० टक्क्यांनी हप्ता येतो २९,३६७ रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज २१,००० रुपये. ७.६०ला तेच व्याज १९,००० होतं. बाईंनी लगेच हिशेब केला, ‘‘महिन्याला दोन हजार, १८० महिने, म्हणजे ३ लाख ६० हजार वाचले!’’

तसं होत नाही. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, त्यामुळे ०.८० टक्क्यातून वाचणारी रक्कमही दर महिन्याला आटत जाते. म्हणून नवा हप्ता दोन हजारांनी कमी होत नाही; तो २७,९८१ होतो, म्हणजे १,३८६ रुपयांनी कमी. उरलेले ६१४ रुपये मुद्दलात जातात: जुन्या हिशेबात पहिल्या हप्त्यातून ८,३६७ रुपये मुद्दल फिटत होतं, नव्यात ८,९८१ फिटतं. पंधरा वर्षांची एकूण बचत साधारण २ लाख ४९ हजार.

पण हप्ता कमी केलाच नाही तर? बाई २९,३६७ भरतच होत्या आणि त्यांच्या घरखर्चात ती रक्कम बसलेली होती. तोच हप्ता ७.६० टक्क्यांवर चालू ठेवला तर कर्ज १८०ऐवजी १६५ महिन्यांत फिटतं आणि वाचणारं व्याज साधारण ४ लाख ४२ हजारांवर जातं. स्प्रेड तेवढाच उतरला, बचत मात्र पावणेदोन पटीहून जास्त. कारण साधं आहे: सुटलेले पैसे खिशात न येता लगेच मुद्दलावर पडतात. स्प्रेड कमी करून घेताना हप्ता उतरवायचा की मुदत, हे आपणच लेखी कळवावं, बँकेच्या संगणकावर सोडू नये.

स्प्रेड कुणाच्या मर्जीनं बदलतो, हा यातला नाजूक भाग आहे. जुन्या पद्धतींत बँका तो मनाला येईल तसा हलवत. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटानं २०१७मध्ये ही गोष्ट स्पष्टपणे मांडली आणि त्यातूनच पुढचे नियम आले. स्प्रेडमधला जोखमीचा भाग कर्जदाराच्या पतीत मोठा बदल झाला तरच बदलता येतो. बँकेचा खर्च वगैरे बाकीचा भाग तीन वर्षांतून एकदाच. सप्टेंबर २०२५च्या शेवटी यात आणखी एक सूट आली: ग्राहक टिकवण्यासाठी हा बाकीचा भाग बँकेला तीन वर्षांच्या आधीही कमी करता येतो. ही सूट फक्त खाली आणण्यापुरती आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. ‘‘नियमात बसत नाही’’ असं म्हणून जुन्या ग्राहकाला परत पाठवण्याची सोय तिनं काढून घेतली.

स्प्रेड गुपचूप वाढला का, हे वजाबाकीनंच कळतं, पण ती योग्य तारखेनं करायला हवी. बँकेनं निदान तीन महिन्यांतून एकदा दर रिसेट करायचा असतो, त्यामुळे रेपो काल उतरला आणि तुमचा रिसेट दोन महिन्यांनी असेल, तर आजची वजाबाकी फुगलेला स्प्रेड दाखवेल. तो भास असतो. रिसेटच्या दिवशीचा रेपो घ्या आणि त्या दिवसापासून लागलेल्या दरातून वजा करा. रेपो पाव टक्का उतरूनही रिसेटनंतर दर हललाच नाही, तर तुमचा स्प्रेड पाव टक्क्यानं वाढला आहे. बँकेकडे कारण मागा. काही बँका रेपोत आधी आपली भर घालून त्याला स्वतःचं नाव देतात आणि वर आणखी थोडं लावतात. तिथं दोन्ही भर मिळून स्प्रेड धरायचा. गृहवित्त कंपन्यांचं मानक त्यांचं स्वतःचं असतं, त्यांना ही रीत लागू पडत नाही.

बाईंनी शाखेत अर्ज दिला. पहिल्यांदा तोंडी नकार मिळाला. ऑक्टोबरात त्या दुसऱ्या बँकेचं कर्ज देऊ केल्याचं पत्र घेऊन गेल्या, तेव्हा शुल्क भरून स्प्रेड २.१० करून मिळाला. शुल्क जीएसटी धरून ८,८५० रुपये, म्हणजे पाच महिन्यांच्या वाचलेल्या व्याजात भरून निघणारं. कर्ज दुसरीकडे नेलं असतं तर फ्लोटिंग कर्ज म्हणून दंड पडला नसता, पण प्रोसेसिंग फी, मुद्रांक शुल्क आणि मूळ कागदपत्रं हलवण्याचा खटाटोप होताच. हप्ता त्यांनी तोच ठेवला.

डिसेंबरात रेपो ५.२५ झाला. रिसेटनंतर त्यांचा फोन आला, ‘‘साहेब, दर ७.३५ झालाय.’’ मी विचारलं, ‘‘वजाबाकी?’’ त्या म्हणाल्या, ‘‘केली. २.१०च आहे.’’