जाळीची भोकं मोजा, मग माणूस पुसा

फोटोत मागं आकाश असेल किंवा झाडी असेल, तर मध्येच आलेला परका माणूस काढून टाकणं फार अवघड नसतं. शेजारचं थोडं आकाश उचलून त्याच्यावर ठेवलं की काम झालं. ढग चार बोटं इकडं सरकला तर कुणाला कळतंय? पण मागं दगडी जाळी असेल, खांबांची ओळ असेल किंवा चौकटीची फरशी असेल, तर गोष्ट वेगळी. एकसारख्या नक्षीत डोळा चूक लगेच पकडतो. पाहणाऱ्याला ‘इथं काय बिघडलंय’ हे सांगता येत नाही, पण काहीतरी बिघडलंय हे मात्र त्याला जाणवतं.

आमच्या घरात हा प्रश्न एका फोटोवरून आला. आम्ही केलगेरीला राहतो. धारवाडहून हुबळीला जाताना वाटेत उणकल लागतं. तिथल्या चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वर देवळात आजी-आजोबांचा एक फोटो माझ्या आतेभावानं काढला होता. दोघं शेजारी उभी आहेत, दोघांच्या मध्ये हातभर जागा आहे आणि मागं दगडात कोरलेली जाळी आहे. नेमक्या त्या हातभर जागेतून निळ्या शर्टातले एक गृहस्थ मोबाइल बघत चाललेत. आजोबा गेल्यावर कळलं की दोघांचा एकत्र असा हाच शेवटचा फोटो. आजीला तो मोठा करून भिंतीवर हवा होता. ती एवढंच म्हणाली, “त्या बिचाऱ्याला बाजूला करता आलं तर बघ गं.”

घरातल्या एका काकांनी आधीच एका ॲपवर तो माणूस पुसून पाहिला होता. लांबून ठीक दिसत होतं. जवळून पाहिलं तर जाळीची एक उभी ओळ मध्येच संपली होती आणि दोन भोकं एकमेकांत विरघळली होती. अशी आपोआप होणारी भरणी आसपासचे मिळतेजुळते तुकडे शोधून जोडते. तुकडा दिसायला मिळताजुळता असणं तिला पुरतं. पण तो ओळीतल्या नेमक्या जागी बसतोय का, हे ती मोजतेच असं नाही. म्हणून मी पुसायच्या आधी मोजायला बसले.

फोटो चार हजार गुणिले तीन हजार पिक्सेलचा होता. त्यात जाळीच्या नऊ उभ्या ओळी आणि बारा आडव्या रांगा दिसत होत्या. त्या गृहस्थांमुळं पाचवी, सहावी आणि सातवी ओळ झाकली गेली होती, तीही पाचव्या रांगेपासून खाली बाराव्यापर्यंत. म्हणजे चोवीस भोकं. त्यांच्या डोक्यावरच्या चार रांगा मात्र पूर्ण दिसत होत्या, आणि त्याच फार उपयोगी पडल्या. झाकलेल्या ओळी नेमक्या कुठून खाली येतात हे त्यांनी दाखवलं.

मग अंतरं मोजली. भाऊ फोटो काढताना जाळीच्या अगदी समोर नव्हता, थोडा डावीकडं उभा होता. त्यामुळं डावीकडची भोकं मोठी आणि उजवीकडची लहान दिसत होती. एका भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर तिसऱ्या ओळीत 66 पिक्सेल होतं आणि सहाव्या ओळीत 64. दोन पिक्सेलचा फरक काय तो, असं वाटेल. पण तिसऱ्या ओळीतल्या चार रांगा उचलून सहाव्या ओळीत ठेवल्या, तर पहिलं भोक नीट जुळवूनही चौथ्या रांगेपर्यंत हा फरक सहा पिक्सेलचा होतो. एवढ्यानं भोकांची आडवी रेघ मोडते आणि ते डोळ्याला टोचतं.

म्हणून नियम असा की ज्या दिशेनं नक्षीचं माप बदलत नाही, त्या दिशेनं उसनं घ्यावं. कॅमेरा वर किंवा खाली झुकलेला नसेल तर एकाच उभ्या ओळीत वरपासून खालपर्यंत अंतर सारखंच राहतं. आमच्या फोटोत ते तसं होतं. हे तपासायला न झाकलेली एक ओळ घ्यायची आणि तिच्या वरच्या दोन भोकांमधलं आणि खालच्या दोन भोकांमधलं अंतर ताडून बघायचं. ते सारखं निघालं तर वरून खाली नक्कल करता येते.

मी गिम्प वापरते, ते फुकट मिळतं. मूळ फोटोला हात न लावता त्याच्यावर एक रिकामा थर घेतला. Clone हे साधन निवडलं, त्यात Sample merged सुरू केलं आणि Alignment मध्ये Aligned ठेवलं. सहाव्या ओळीतल्या पहिल्या भोकाच्या कोपऱ्यावर Ctrl धरून क्लिक केलं आणि त्याच ओळीत बरोबर चार रांगा खाली, म्हणजे 256 पिक्सेलवर, रंगवायला सुरुवात केली. पूर्ण रांगांच्या पटीतच खाली यायचं, साडेतीन रांगा कधीच नाही. पाचव्या आणि सातव्या ओळीचं माप एखाद्या पिक्सेलनं वेगळं निघालं, म्हणून त्या ओळी स्वतंत्रपणे केल्या. पाच ते आठ या रांगा अशा भरून निघाल्या.

खरी अडचण नवव्या रांगेपासून सुरू झाली. वरच्या चार रांगा पुन्हा खाली आणल्या तर त्याच चार रांगा तीनदा दिसणार. हातानं कोरलेल्या दगडात कुठं टवका असतो, कुठं डाग असतो. वरच्या एका भोकाशेजारी शेंगदाण्याएवढा पांढरट डाग होता. तोच डाग एकाखाली एक तीनदा आला की जाळी छापल्यासारखी दिसायला लागते. असे जुळे डाग पकडायची एक सोपी कसोटी आहे. पूर्ण चित्राची प्रत वरच्या थरात घ्यायची, ती बरोबर 256 पिक्सेल खाली सरकवायची आणि त्या थराचा Mode बदलून Difference करायचा. जिथं नक्कल तंतोतंत आहे तिथं चित्र पूर्ण काळं होतं. खऱ्या दगडाची दोन भोकं एकमेकांवर ठेवली तर थोडा तरी फरक उरतोच, तिथं अगदी काळं होत नाही. आमच्या फोटोत सहाव्या ओळीचा भरलेला भाग डांबरासारखा काळा दिसला.

उजेडाचीही गोष्ट होती. वरच्या रांगा सावलीत होत्या आणि खालच्यांवर बाहेरचा उजेड पडत होता. वरचा दगड खाली आणला की तो काळसर ठिगळासारखा दिसतो. Heal नावाचं साधन आसपासच्या उजेडाशी मेळ घालतं. पण ते भोकाच्या काठाजवळ चालवलं की भोकाचा काळेपणा दगडावर ओघळल्यासारखा पसरतो. म्हणून जागा जुळवायला Clone आणि उजेड जुळवायला Heal, तेही फक्त भोकांमधल्या सपाट दगडावर. आणि माणूस काढला तरी फरशीवरची त्याची सावली उरते, हे विसरायचं नाही. मालकाविना सावली फार विचित्र दिसते.

खालच्या चार रांगांचं काय करावं या विचारात मी होते. तेव्हा भाऊच म्हणाला, “अगं, देऊळ कुठं पळून गेलंय? जाऊन खरी जाळीच घेऊन येऊ की.”

आणि हेच बरोबर होतं. जाळी सपाट असते, त्यामुळं तिचा दुसरा फोटो चार कोपरे जुळवून पहिल्यावर नेमका बसवता येतो. पण समोरून काढलेला कुठलाही फोटो चालत नाही. दगडाला जाडी असते. तिरकं उभं राहिलं की भोकाच्या आतली एक बाजू दिसते, समोरून ती दिसत नाही. म्हणून आम्ही जुना फोटो मोबाइलवर उघडून, भाऊ तेव्हा जिथं उभा होता ती जागा शोधली आणि साधारण त्याच वेळेला फोटो काढले. घरी येऊन नवा फोटो Open as Layers मधून जुन्यावर घेतला, Opacity निम्मी केली आणि Perspective या साधनानं चारही कोपरे जाळीच्या कोपऱ्यांवर आणले. मग थराला काळा मुखवटा लावला आणि जिथं ते गृहस्थ होते तेवढ्याच भागावर पांढरा रंग फिरवला. आधी नक्कल करून भरलेल्या रांगाही काढून टाकल्या आणि चोवीसच्या चोवीस भोकं खरी घातली.

त्यात एक गोष्ट दिसली. दहाव्या रांगेत सहाव्या ओळीतल्या भोकाची खालची कड उडालेली आहे. ते शेजारच्या भोकांपेक्षा मोठं आणि वाकडं दिसतं. वरच्या रांगा कितीही काळजीनं उतरवल्या असत्या तरी हे भोक मिळालं नसतं. नक्षीवरून तिथं काय असायला हवं ते कळतं, पण तिथं आज काय आहे ते दगडालाच विचारावं लागतं.

यातच या कामाची मर्यादाही आहे. त्या गृहस्थांच्या मागं जाळीऐवजी एखादी मूर्ती असती आणि पुन्हा जाणं शक्य नसतं, तर मी ती भरली नसती. दाराच्या दुसऱ्या बाजूची मूर्ती उलटी करून इकडं लावायचा मोह होतो. पण उलटी केली की तिच्यावरचा उजेडही उलटा पडतो, आणि दोन्हीकडचं कोरीवकाम सारखं असेलच असं नाही. अशा वेळी माणूस राहू द्यावा किंवा फोटो कापून घ्यावा.

शेवटी राहिले आजीचे केस. तिच्या पांढऱ्या केसांच्या कडेला त्या शर्टाची निळसर झाक उरली होती. एक नवा थर घेतला, त्याचा Mode HSL Color केला आणि दगडाचा रंग त्या कडेवरून हलकेच फिरवला. यात उजेड तसाच राहतो, फक्त निळेपणा जातो. एकेक केस शाबूत राहिला.

फोटो आता भिंतीवर आहे. मूळ फाइलही मी जपून ठेवली आहे, निळ्या शर्टासकट, कारण त्या दिवशी ते गृहस्थ तिथं होते हेही खरंच आहे. तुम्ही कधी नक्षीदार भिंतीपुढं घरच्यांचा फोटो काढलात, तर मंडळी बाजूला झाल्यावर त्याच जागेवरून रिकाम्या भिंतीचा एक फोटो काढून ठेवा. आम्ही केलगेरीत राहतो म्हणून आम्हाला परत जाता आलं. पुण्याहून किंवा परदेशातून आलेल्यांना ते जमेलच असं नाही.