तो डाग मी दोनदा चुकीचा वाचला

माझं माहेर धारचं आणि सासर देवासचं. दोन्ही पवारांची जुनी संस्थानं, त्यामुळे दोन्ही घरांत मराठी बोललं जातं आणि दोन्ही घरांत पाळीचे नियमही सारखेच. पहिला थेंब दिसला की आईला किंवा सासूबाईंना सांगायचं, देवघराच्या बाजूला फिरकायचं नाही आणि त्या दिवसापासून चार दिवस मोजायचे. डाग नखाएवढा आहे की पॅड भिजलंय, हे कुणी विचारत नसे. थेंब म्हणजे पाळी.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीचं हळदीकुंकू आईनं रथसप्तमीच्या सुमारास धारला ठेवलं होतं. मी आदल्या दिवशी पोहोचले आणि दोन फेब्रुवारीला सकाळी फिकट गुलाबी डाग दिसला. आईचा चेहरा उतरला, मला मागच्या खोलीत बसवलं आणि बायका आल्या तेव्हा "तिला अडचण आहे" असं सांगून झालं. दुपारी तो डाग तपकिरी झाला, दुसऱ्या दिवशी नुसती पुसट खूण उरली, तिसऱ्या दिवशी काहीच नाही. पॅड एकदाही भरलं नाही. पोटात नेहमीसारखं पिळवटलं नाही. मनात म्हटलं, प्रवासानं अंगावरचं कमी झालं असेल. घरात जाहीर झालेली पाळी खोटी असेल, ही शंकासुद्धा आली नाही. देवासच्या स्वयंपाकघरात लाला रामस्वरूपचं कॅलेंडर होतं, त्यावर दुधाच्या हिशेबाशेजारी दोन तारखेवर मी गोल केला.

मार्चमध्ये पाळी आली नाही, लघवीची तपासणी केली, दोन ठळक रेघा आल्या. दवाखान्यात शेवटच्या पाळीचा पहिला दिवस विचारला, मी दोन फेब्रुवारी सांगितला. कार्डावर प्रसूतीची अपेक्षित तारीख नऊ नोव्हेंबर पडली. हा हिशेब साधा असतो: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. चुकीची तारीख घातली तर चुकीचंच उत्तर येणार, आणि तारीख देणारी मी होते.

तीस मार्चला पहिली सोनोग्राफी झाली. माझ्या हिशेबानं गर्भ आठ आठवड्यांचा, म्हणजे डोक्यापासून बुडापर्यंत जेमतेम दीड सेंटिमीटरचा असायला हवा होता. पडद्यावर तो साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास होता, हातपाय हलवत होता. डॉक्टरबाईंनी मापं पुन्हा घेतली आणि म्हणाल्या, "बारा आठवडे झालेत. त्याआधीची पाळी कधी आली होती?" आधीची पाळी चार जानेवारीची होती, चांगली पाच दिवसांची. म्हणजे दोन फेब्रुवारीच्या त्या सकाळी मी आधीच गरोदर होते.

पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी गर्भाचं वय साधारण आठवड्याच्या आत-बाहेर सांगते, चार आठवड्यांची चूक तिच्यापासून लपत नाही. तारीख बदलून अकरा ऑक्टोबर झाली. फरक महिन्याचाच, पण त्याचे धागे लांब जातात. बाळाच्या मानेमागच्या जागेची तपासणी अकरा ते साधारण चौदा आठवड्यांच्या दरम्यानच करता येते. माझ्या तारखेवर विसंबलो असतो तर ती एप्रिलअखेर ठेवली असती आणि तेव्हा बाळ सोळा आठवड्यांचं असतं. फॉलिक ॲसिडची गोळी मी मार्चमध्ये सुरू केली, तोवर तिचा मुख्य उपयोग ज्या काळात असतो, म्हणजे मज्जारज्जूची नळी बंद होण्याचा काळ, तो उलटून गेला होता. सगळ्यात वाईट शेवटी झालं असतं. दिवस भरून गेल्यावर बाळ किती काळ पोटात राहू द्यायचं, हे याच तारखेवरून ठरतं. ऑक्टोबरात दिवस उलटले असते आणि कार्ड मात्र अजून महिना आहे म्हणून सांगत राहिलं असतं. मुलगी ऑक्टोबरातच झाली, नीट झाली.

मग मी या विषयावर मिळेल ते वाचलं. वाचण्याचा तोटा असा, की अर्धवट वाचून माणूस पुन्हा चुकतो, फक्त आता जास्त खात्रीनं चुकतो. बहुतेक ठिकाणी एकच चित्र मिळतं. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजताना थोडं रक्त जातं, ते गुलाबी किंवा तपकिरी असतं, थेंबभर असतं, एक-दोन दिवसांत थांबतं. पाळीचं रक्त पहिल्या दिवसानंतर वाढतं, लाल होतं, गाठी पडतात, पॅड भरतं आणि तीन ते सात दिवस चालतं. हे वर्णन खोटं नाही. माझा फेब्रुवारीतला डाग त्यात अगदी फिट्ट बसत होता. पण मी त्यातून उलटा निष्कर्ष काढून ठेवला: डाग तपकिरी आणि थोडा, म्हणजे गर्भ रुजतोय.

काही वर्षांनी देवासला दुसऱ्या मुलासाठी प्रयत्न चालले होते. पाळीच्या तारखेच्या सुमारास तपकिरी डाग आला आणि मी हरखले. जाऊबाईंना सांगितलं, त्याही म्हणाल्या, "रुजताना जातं गं एवढं." लघवीची तपासणी केली, दुसरी रेघ अगदी फिकट, उजेडात धरून पाहावी लागेल अशी. चार दिवसांनी पुन्हा केली, ती तशीच. डाग मात्र थांबत नव्हता, रोज थोडा थोडा लागत होता. उजव्या बाजूला खाली दुखत होतं. मी म्हटलं, गर्भ जागा करतोय. मग उजवा खांदा दुखायला लागला. त्या आठवड्यात गव्हाचे डबे मीच वर चढवले होते, म्हणून खांद्याला बाम लावला.

एका दुपारी न्हाणीघरातून बाहेर येताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी भिंतीला धरून खाली बसले. ह्यांनी मला गाडीत घालून थेट इंदूरला नेलं. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं होतं, उजव्या नळीपाशी गाठ आणि पोटात रक्त साचलेलं. गर्भ नळीतच रुजला होता आणि नळी फुटली होती. खांदा गव्हामुळे दुखत नव्हता. पोटात सांडलेलं रक्त श्वासपटलाला डिवचतं आणि ती वेदना खांद्यात जाणवते, कारण दोन्हींकडच्या जाणिवांच्या नसा मानेत एकाच ठिकाणी जातात. शस्त्रक्रियेत ती नळी काढावी लागली.

नंतर डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी प्रामाणिकपणे सांगितलं की डागाचा रंग पाहून मी निश्चिंत होते. त्यांनी रागावून बोलण्याऐवजी कागद घेऊन समजावलं. फिकट रेघ चार दिवसांनीही फिकटच राहिली, तिथेच रक्ततपासणी व्हायला हवी होती. रक्तातलं बीटा एचसीजी दोन दिवसांच्या अंतरानं दोनदा मोजतात. सुरुवातीच्या निरोगी गर्भात ते दोन दिवसांत निदान दीडपट होतं, बहुधा त्याहून जास्त वाढतं. ते रेंगाळलं तर गर्भ चुकीच्या जागी असण्याची किंवा टिकत नसल्याची शंका घ्यायची आणि योनीमार्गातून सोनोग्राफी करायची. नळीतला गर्भ लहान असतानाच कळला असता, तर कदाचित इंजेक्शनवर भागलं असतं.

त्यांनीच मला एका अभ्यासाबद्दल सांगितलं, आणि त्यानं माझं डोकं खरं ताळ्यावर आलं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात मूल हवं असलेल्या बायकांनी रोज सकाळची लघवी जपून ठेवली होती आणि रक्त गेलं की त्याची नोंद केली होती. लघवीतल्या संप्रेरकांवरून गर्भ नेमका कोणत्या दिवशी रुजला, हे संशोधकांना काढता आलं. बहुतेकींत तो बीज सुटल्यानंतर आठव्या ते दहाव्या दिवशी रुजला होता. 2003 साली त्यांनी रक्तस्रावाचा भाग प्रसिद्ध केला. टिकलेल्या 151 गर्भांपैकी 14 बायकांना पहिल्या आठ आठवड्यांत रक्त गेलं होतं, पण ते गर्भ रुजण्याच्या दिवशी क्वचितच. बहुतेकदा ते त्यानंतर निदान पाच दिवसांनी, म्हणजे पाळी अपेक्षित असते त्याच सुमाराला दिसलं. त्या 14 पैकी 12 जणींना नीट मुलं झाली. याचा अर्थ असा की गरोदरपणात सुरुवातीला डाग लागू शकतो आणि सगळं सुरळीतही असू शकतं, पण 'रुजतानाचं रक्त' म्हणून आपण जे ओळखतो ते रुजण्यातून आलेलं असतंच, असं नाही. शिवाय ते येतं नेमकं पाळीच्या दिवसांत. बायकांची गफलत होते ती उगाच नव्हे.

तेव्हा रंगावरून ठरवणं मी सोडून दिलं. आता कुणी विचारलं तर पहिल्यांदा विचारते, रक्त वाढलं का? खरी पाळी बहुधा एक-दोन दिवसांत वाढते. पण काहींची पाळीच हलकी असते, गोळ्यांवर असताना तर फारच, म्हणून एवढ्यावर थांबता येत नाही. दुसरं, नेहमीपेक्षा वेगळी वाटली तर लघवीची तपासणी करायची, सकाळच्या पहिल्या लघवीची. पाळीच्या तारखेच्या आधी केली तर आलेलं 'नाही' खरं धरायचं नाही. आठवड्यानं पुन्हा करायची. संबंधांनंतर तीन आठवडे उलटले असतील तर 'नाही' बहुतेक खरंच असतं. गरोदरपणाच्या तपासणीचं किट आशाताईंकडे फुकट मिळतं, तेही पुष्कळजणींना ठाऊक नसतं. तिसरं, एका बाजूला दुखणं, खांदा दुखणं, चक्कर, यातलं काही असेल तर किट पाहत बसायचं नाही.

दवाखान्यात तारीख सांगतानाही मी आता दोन तारखा सांगते: थेंब दिसला तो दिवस, आणि पॅड भरलं तो. कोणती धरायची ते त्यांनी ठरवावं.

गेल्या श्रावणात धारहून भाचीचा फोन आला. "मावशी, तपकिरी आहे आणि थोडंच आहे. गोड बातमी का गं?" मी विचारलं, आधीची पाळी कधी, किती दिवस, पॅड भरलं होतं का, दुखतंय कुठे. तिची तारीख अजून दोन दिवसांवर होती. तिनं घाई करून किट वापरलं होतं, एकच रेघ आली होती. मी म्हटलं, आज काहीच कळणार नाही, तारीख उलटली की सकाळी पुन्हा कर, आणि मधे एका बाजूला दुखलं तर मला नाही, दवाखान्यात फोन कर. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा निरोप आला: नेहमीसारखी पाळी सुरू झाली होती, पॅडही बदलावं लागलं होतं. तिला वाईट वाटलं होतं. मी तिला फॉलिक ॲसिड आजपासूनच सुरू कर असं सांगितलं, आणि ती विसरू नये म्हणून तिच्या नवऱ्यालाही सांगितलं.