बिनआवाजाचा धूर

गिरगावातली आमची वाडी फटाक्यांच्या आवाजातून मी सोडवली, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. चारचौघांत सांगितलं, मंडळाच्या वार्षिक अहवालात छापून घेतलं, एकदा सत्काराची शालही पांघरून घेतली. त्या शालीतली निम्मी आता परत करावीशी वाटते. ती का, ते लिहितो.

आमचा चौक लहान आहे. तीन बाजूंना दुमजली चाळी, चौथ्या बाजूला शेजारच्या इमारतीची भिंत. तिथे सुतळी बॉम्ब लावला की आवाजाला बाहेर जायला वाटच नसते. तो एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत राहतो. या आवाजाने माझं डोकं उठायचं, म्हणून मी नियम वाचायला घेतले. वाचता वाचता त्यांत रमलो. फटाका फुटल्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणारा नसावा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. रात्र सुरू होते दहाला, संपते सकाळी सहाला. माळ असेल तर तिच्यात जितके फटाके जास्त, तितकी त्यातल्या एकेकाच्या आवाजाची मर्यादा खाली येते. शंभराच्या माळेला दहा डेसिबलने. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. पण आमच्या चौकात दुप्पट अंतरावर जायचं म्हटलं तर कोणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरावं लागेल.

हे आकडे मी तोंडपाठ केले. मोबाइलवर आवाज मोजायची सोय करून घेतली. मंडळाच्या सभेत पोरं वाद घालायला लागली की मी मोबाइल पुढे धरायचो. आकड्यापुढे कोणी फार बोलत नाही. दोन-तीन वर्षांत बॉम्ब आणि माळा चौकातून गेल्या. त्यांच्या जागी आम्ही वर्गणीतून एकत्र खरेदी सुरू केली: फुलबाज्या, भुईचक्रं, पाऊस, आणि लहानग्यांसाठी नागगोळ्या. सगळं बिनआवाजाचं. २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रश्नावरून फटाक्यांना आधी संध्याकाळी सात ते दहा अशी वेळ दिली आणि चार दिवसांत ती आठ ते दहा केली. मी लगेच फळ्यावर ‘आठ ते दहा, चौकात, सर्वांनी एकत्र’ असं लिहिलं. नियमाच्या बाहेर एक ठिणगीही जाऊ दिली नाही.

तळमजल्यावर आमच्या काकू राहतात. त्यांचं दार चौकातच उघडतं. एका दिवाळीत त्या मला म्हणाल्या, “अरे, धुराने जीव घाबरा होतो. जरा कमी करा की.” मी त्यांना काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. “काकू, आवाज तर नाही ना आता?” त्या म्हणाल्या, “आवाज नाही रे.” मी म्हणालो, “मग?” त्यांनी दार लावून घेतलं. माझ्या दृष्टीने विषय संपला.

पुढे एका लक्ष्मीपूजनाला माझा भाचा आला होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता; प्रकल्पासाठी त्याने हवेतले धूलिकण मोजणारं छोटं यंत्र जुळवलं होतं. आत बारीक पंखा हवा ओढतो, तिच्यावर लेझरचा प्रकाश पडतो, आणि कणांवरून प्रकाश किती विखुरतो त्यावरून यंत्र आकडा काढतं. मोजायचे ते पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण, जे फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. चोवीस तासांच्या सरासरीसाठी आपल्या देशाची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. भाचा यंत्र घेऊन गॅलरीत उभा राहिला. मी मोठ्या कौतुकाने त्याला खाली बोलावलं. आमची शांत दिवाळी त्याच्या वहीत नोंदली जावी, एवढाच हेतू.

साडेआठच्या सुमाराला तो म्हणाला, “मामा, आकडा पुढे जातच नाहीये.” पडद्यावर ९९९ होते. मला वाटलं यंत्र बिघडलं. तो म्हणाला, “बिघडलं नाही. याच्यापुढे त्याला मोजताच येत नाही.”

मी वाद घातला. हवेत दमटपणा असला की अशी स्वस्त यंत्रं आकडा फुगवून दाखवतात, हे त्यानेच मला सांगितलं होतं. त्यानेही ते मान्य केलं. पण दिवाळीआधी आणि दिवाळीनंतर काही दिवस त्याच चौकात, तशाच दमट रात्री, तेच यंत्र दोन आकड्यांत असायचं. फुगवटा धरला तरी फरक उरतोच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाइलवर शहराच्या हवेचा निर्देशांक उघडला. तो ‘मध्यम’ होता. मी तो भाच्याच्या नाकासमोर धरला, जसा पूर्वी सभेत डेसिबलचा आकडा धरायचो.

त्याने कागद घेतला. समजा, दिवसाचे बावीस तास हवेत ५० मायक्रोग्रॅम आहेत आणि रात्रीचे दोन तास ५००. बावीस पन्नास अकराशे, दोन पाचशे एक हजार. एकवीसशेला चोवीसने भागलं की साडेसत्याऐंशी. पीएम २.५ची ६१ ते ९० ही पट्टी आपल्याकडे ‘मध्यम’ गणली जाते. मर्यादेच्या आठपट हवेत काढलेले दोन तास सरासरीत असे विरघळतात. शिवाय मोजणारं केंद्र आमच्यापासून काही किलोमीटरवर, समुद्राच्या कडेला, मोकळ्यावर. यंत्र खरं होतं आणि निर्देशांकही खरा होता. निर्देशांक शहराच्या दिवसाबद्दल बोलत होता. काकूंच्या दाराबद्दल तो काही बोलतच नव्हता.

मग मी पुन्हा वाचायला घेतलं, या वेळी नाकाच्या बाजूने. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने सहा प्रकारचे फटाके जाळून त्यांचा धूर मोजला होता. पावसाने सर्वांत कमी, म्हणजे ४,८६० मायक्रोग्रॅमपर्यंत मजल मारली. भुईचक्र ९,४९०. फुलबाजी १०,३९०. हजारांची माळ ३८,५४०. आणि सगळ्यांच्या वर ६४,५००: नागगोळी. जी मी लहान मुलांसाठी वेगळी मागवत होतो, ती. ती ओणवं बसून, तोंड खाली घालून पाहायची असते, कारण त्यातली सगळी मजा राखेचा साप वर येताना बघण्यात आहे.

याचा अर्थ आवाज करणारे फटाके बरे, असा नाही. माळ दुसऱ्या क्रमांकावर आहेच. अर्थ एवढाच की आवाज आणि धूर ही दोन वेगळी मापं आहेत. बॉम्बमध्ये दारू घट्ट गुंडाळलेली असते आणि ती क्षणात पेटते, म्हणून दणका होतो. फुलबाजीतली दारू तारेवर लेपलेली असते आणि ती सावकाश जळावी अशीच बनवलेली असते. जितकी सावकाश जळेल तितका उजेड जास्त वेळ, आणि तितका वेळ धूरही हातात, मुलाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. मी दणका काढून टाकला आणि त्या जागी हा सावकाश धूर आणून बसवला.

हरित फटाक्यांचा आधार मी घेऊन पाहिला. ते सूत्र नागपूरच्या ‘नीरी’चं, म्हणून मला त्याचा अभिमानही. पण त्यांच्याकडून अपेक्षा आहे ती धूलिकण किमान ३० टक्क्यांनी कमी करण्याची. म्हणजे दहा हरित फुलबाज्या सात जुन्या फुलबाज्यांइतक्या. आणि ‘हरित आहेत’ म्हणून आम्ही दहाच्या जागी पंधरा आणल्या होत्या.

सगळ्यांत जड गेलं ते वेळेचं. आठ ते दहा ही माझी लाडकी वेळ. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये दिवाळीसाठी ती घालून दिली. तो खटला दिल्लीच्या हवेबद्दलचा होता, पण रात्री दहाची सीमा त्याहून जुनी, आवाजाच्या नियमांतली. ती झोपेचा विचार करते. हवेचं घड्याळ वेगळं आहे. मुंबईत दुपारी खारे वारे समुद्रावरून आत येतात आणि शहराचा धूर ढकलून नेतात. सूर्य मावळला की ते पडतात. रात्री जमिनीकडून मतलई वारे सुटतात, पण त्यांच्यात जोर नसतो. त्यात पाऊस परतलेला असतो, जमीन लवकर गार होते, आणि जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचं झाकण बसतं. त्या झाकणाखाली, तीन चाळी आणि एका भिंतीच्या मध्ये, आम्ही सगळ्या वाडीचा माल दोन तासांत एकदम पेटवत होतो. पूर्वी तो संध्याकाळभर, चार घरं इकडे चार घरं तिकडे, विखरून जळायचा. दोन तासांच्या नियमाने शहरात एकूण धूर घटला असेल. आमच्या चौकात मात्र मी तो गोळा करून आणला. नरक चतुर्दशीच्या पहाटेचंही तसंच: अभ्यंगस्नानानंतरची ती वेळ हवेसाठी फार कोंडलेली असते.

हे लिहिताना माझा जुना मुद्दा मी सोडलेला नाही. चार दिवसांच्या सणाला वेळापत्रक आणि बारा महिने उडणाऱ्या बांधकामाच्या धुळीला पत्र्याचं कुंपण, हे मला आजही खटकतं. पण हा मुद्दा मी काकूंच्या दारात उभा राहून मांडू शकत नाही. त्यांच्या दारासमोरचा धूर कुठल्या बिल्डरचा नव्हता. वर्गणीतून आणलेला, मी पावती फाडलेला होता.

मी चुकलो कुठे, याचा विचार केला तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली. आवाज मला त्रास देत होता आणि तो मोजायला माझ्या खिशात यंत्र होतं. धूर काकूंना त्रास देत होता आणि तो मोजायला काकूंकडे फक्त काकू होत्या. माझ्याकडे आकडा होता म्हणून माझी तक्रार नियम ठरली. त्यांची नुसती कुरकुर.

गेल्या दिवाळीआधीच्या सभेत मीच ठराव मांडला: नागगोळ्या बंद, चौकातला एकत्रित कार्यक्रम बंद, वर्गणी आकाशकंदील आणि फराळाला. पोरं हसली. ज्याने बॉम्ब बंद केले तोच आता फुलबाज्यांवर उठला म्हणाली. ठराव निम्माच पास झाला. फुलबाज्या राहिल्या, घरटी एक पुडा. मी मोबाइल पुढे धरला नाही.

सभेनंतर काकूंकडे गेलो आणि सांगितलं की तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं. त्या चकल्या पाडत होत्या. सोऱ्या न थांबवता म्हणाल्या, “मला ठाऊक होतं रे ते. तुला कोणी सांगितलं?”

“यंत्राने,” मी म्हणालो.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या, “ते दार लावून घेत नाही.”