सासूबाईंच्या नावावर



पर्युषण होऊन बरेच दिवस झाले, पण त्यातली एक गोष्ट अजून मनातून जात नाही. लिहू की नको असं करत आज लिहितेच आहे. नोकरी करणाऱ्या तुमच्यापैकी पुष्कळ जणींना यात स्वतःचा चेहरा दिसेल.

मी पुण्यात एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. दर महिन्याला हिशेब बंद झाले की आमच्या टीमचं बाहेर जेवायला जायचं ठरतं. ठरतं म्हणजे साधारण गुरुवारी दुपारी कुणीतरी व्हॉट्सअॅपवर टाकतं, ‘उद्या आठला, सगळे येताय ना?’ मग एकेक अंगठा वर होऊ लागतो. मी सहाला निघणारी बाई. आठपर्यंत करायचं काय? म्हणून ऑफिसातच थांबायचं. साडेआठला हॉटेलात टेबल मिळणार, सव्वानऊला पहिलं ताट येणार आणि घरी पोहोचेपर्यंत मुलगी झोपलेली. दुसऱ्या दिवशी शनिवार असला तरी घरातल्या बाईचा शनिवार कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको.

चातुर्मासात मला अडचण नव्हती. आषाढापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मी चौविहार करते, ते ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. जुलैत पुण्यात सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास असतो, तेव्हा घरी येऊन जेवता येतं. चातुर्मास संपत येतो तसा तो सहाच्या आसपास येतो, मग पावणेसहाला मी डब्यातला पराठा ऑफिसच्या पँट्रीतच खाऊन घेते. एका वर्षी आग्रहाला बळी पडून चौविहार असतानाच आठच्या जेवणाला गेले होते. दोन तास रिकाम्या ताटापुढे बसले. ‘अगं, पाणी तरी पी,’ असं चौघांनी चार वेळा म्हटलं आणि चारही वेळा मी समजावून सांगितलं. शेवटी बिल माणशी समान वाटलं गेलं, तेव्हा माझ्या वाट्याला नऊशे रुपये आले. साहेब म्हणाले, ‘मॅडमचे नको घ्यायला.’ पण तेवढ्यात मीच लाजून पैसे पाठवले होते. तेव्हापासून चातुर्मासात मला कुणी फारसं ओढत नाही.

खरी गोष्ट आहे कार्तिकी पौर्णिमेनंतरची. तेव्हा माझा चौविहार नसतो. घरी आम्ही आठ-सव्वाआठला जेवतो, मम्मी सोडून. मम्मी म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांचा चौविहार बारा महिने. पण ऑफिसात मी कधी हे सांगितलंच नाही. डिसेंबरातही म्हणायचे, ‘माझा चौविहार आहे ना.’ एकदा कुणीतरी विचारलं, ‘तुमचा तो चार महिन्यांचाच असतो ना?’ मग मी कारण बदललं. म्हणाले, ‘हो गं, पण सासूबाईंना रात्रीचं बाहेर चालत नाही.’

हे कारण फारच सोयीचं निघालं. चौविहार म्हटलं की लोक प्रश्न विचारायचे, मार्ग काढायचे. ‘आम्ही पाचला जाऊ, जैन पावभाजी सांगू, बटाट्याऐवजी कच्ची केळी घालतात, चालेल ना?’ सासूबाईंचं नाव घेतलं की कुणी काही बोलत नाही. उलट कीव करतात. ‘बिचारी,’ म्हणतात आणि अंगठ्यांच्या यादीतून आपलं नाव निघून जातं. तीन वर्षं मी हे वापरलं. कधी त्यांचे गुडघे दुखायचे, कधी त्यांना एकटं ठेवता यायचं नाही, कधी नुसतंच ‘घरी आवडत नाही’. आमच्या मम्मींचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत. रोज दोन जिने चढून स्थानकात जातात.

खरं कारण काय होतं? काहीच नव्हतं. मला घरी जायचं असायचं, एवढंच. दिवसभर आकड्यांशी आणि माणसांशी बोलून झाल्यावर मला साडेसात वाजता घरच्या खिडकीशी बसून चहा प्यायचा असायचा, मुलीची वेणी सोडायची असायची. पण एवढं साधं कारण बाईच्या तोंडून निघत नाही. आमच्या टीममधला एक मुलगा सरळ म्हणतो, ‘कंटाळा आलाय, निघतो,’ आणि बॅग उचलतो. आपण मात्र मुलाची परीक्षा, सासऱ्यांचं औषध, पाहुणे, उपवास अशी दुसऱ्या कुणाची तरी पावती फाडतो.

यंदा पर्युषणात मम्मींनी अठाई केली. आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमण झाल्यावर मी रीतीप्रमाणे त्यांच्यापुढे हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटलं, त्यांनीही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवकारशी आल्यावर पारणं झालं. मुगाचं पाणी, थोडी राब. साता विचारायला नातेवाईक येत होते. दहाच्या सुमारास ऑफिसातली माझ्या शेजारच्या टेबलाची मैत्रीणही आली, हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन. आपल्यातली नाही, पण मी अठाईचं सांगितलं होतं म्हणून आवर्जून आली. मम्मींच्या पाया पडली, फार कौतुक केलं. आणि उठताना हसत म्हणाली,

‘काकू, एक विनंती करू? महिन्यातून एकदा तरी हिला आमच्याबरोबर जेवायला पाठवत जा. आम्ही नऊच्या आत घरी आणून सोडू.’

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मम्मींनी माझ्याकडे पाहिलं. आठ दिवसांच्या उपवासाने चेहरा उतरलेला होता, पण डोळे स्वच्छ. त्या एवढंच म्हणाल्या, ‘हो बेटा, पाठवेन की.’ मैत्रिणीपुढे त्यांनी मला उघडं पाडलं नाही.

दुपारी सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, ‘मी तुला कधी अडवलं गं?’

रागाने विचारलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्यांना खरोखर आठवत नव्हतं. आपल्या हातून कधी असं झालं असेल का, हे त्या स्वतःच्याच आठवणीत शोधत होत्या. आदल्या संध्याकाळी प्रतिक्रमणात आपण दोघींनी एकाच बैठकीवर दुसऱ्या अणुव्रताचे अतिचार म्हटले होते. त्यातला पहिलाच सहसाभ्याख्यान, विचार न करता दुसऱ्यावर खोटा आळ घेणं. इतकी वर्षं तो शब्द म्हणताना मला भांडणं, कोर्टकचेऱ्या असलं काहीतरी डोळ्यांपुढे यायचं. ऑफिसच्या पँट्रीत उभं राहून हसत हसत घेतलेला आळ कधीच आला नाही.

मी सगळं सांगितलं. पुन्हा ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटलं, या वेळी कशाबद्दल ते माहीत असताना. त्या म्हणाल्या, ‘मला सांगून काय, त्या मुलीला सांग.’

सोमवारी सांगितलं. डब्याच्या वेळेला, दोघीच असताना. ‘सासूबाई कधीच काही म्हणत नाहीत. मलाच यायचं नसतं.’ ती थोडी दुखावली. ‘म्हणजे आमच्याबरोबर नको असतं का तुला?’ यावर मी काय बोलायचं ते घरून ठरवून गेले नव्हते. म्हणाले, ‘तुझ्याबरोबर रोज जेवते ना. रात्री दहा माणसांत, त्या गाण्यांच्या आवाजात मला कुणाशीच बोलता येत नाही.’ ती दोन दिवस जरा गप्प होती, मग पूर्ववत झाली.

त्यानंतर मी काय बदललं ते सांगते, कारण नुसती कबुली देऊन शुक्रवार थांबत नाहीत. पहिलं म्हणजे ‘बघते’ हा शब्द सोडला. आपण नकार म्हणून ‘बघते’ म्हणतो आणि टेबल सांगणारा माणूस त्याला होकार धरून एक खुर्ची वाढवतो. मग शुक्रवारी सहा वाजता ‘तू तर येणार होतीस!’ होतं आणि खोटं कारण शोधावं लागतं ते त्याच क्षणी. आता निरोप आला की दहा मिनिटांत लिहिते, ‘मी येणार नाहीये, तुम्ही मजा करा.’ कारण लिहीत नाही. कारण दिलं की लोक ते सोडवायला बसतात. कुणी विचारलंच तर सांगते, घरी जायचंय. पहिल्या वेळी साहेबांनी फोन करून विचारलं होतं, ‘सगळं ठीक आहे ना घरी?’

दुसरं, ज्याला जायचं त्याला मी स्वतःहून जाते. ऑक्टोबरात आमच्याकडच्या एक ज्येष्ठ बाई निवृत्त झाल्या. मीच पुढाकार घेऊन साडेचारचा चहा-नाश्ता ठरवला. हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी फोन करून विचारलं, कारण ‘जैन मिळेल’ म्हणतात आणि ग्रेव्ही सकाळीच कांदा घालून उकळून ठेवलेली असते. म्हणून ग्रेव्हीचं काही सांगितलंच नाही. ढोकळा, साबुदाणा नको म्हणून शेवपुरी, तीही बटाट्याशिवाय, आणि चहा. त्या बाई सव्वाचार वर्षं माझ्या समोर बसल्या होत्या, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या माहेराबद्दल कळलं.

तोटा होत नाही असं मी म्हणणार नाही. जेवणाच्या टेबलावर कामाच्या गोष्टी ठरतात. नव्या सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंगला कोण जाणार हे अशाच एका शुक्रवारी ठरलं, मला मंगळवारी कळलं. मी साहेबांना सांगितलं की कामाचं काही ठरलं तर सोमवारच्या मीटिंगमध्ये पुन्हा घ्या. ते ‘हो’ म्हणाले. दोनदा घेतलं, एकदा विसरले. ती किंमत मी मोजते आहे आणि अजून तरी परवडते.

परवाच्या शुक्रवारी पुन्हा त्यांचं जेवण होतं. मी सातला घरी. पावणेनऊला मैत्रिणीचा फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते, म्हणून मम्मींनी उचलला. पलीकडून गाण्यांचा गोंगाट मला ओट्यापाशी ऐकू येत होता. मम्मी जोरात म्हणाल्या,

‘हो बेटा, घरीच आहे ती. आणि ऐक, मी नाही हं अडवलं!’